एका बाजूनेच वाजणारे इअरफोन: वायर जॅकजवळ तुटली आहे की जोडाजवळ? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुढील उत्तरे ३.५ मिलिमीटरच्या गोल जॅकच्या, वायर असलेल्या साध्या इअरफोनविषयी आहेत. ‘जॅक’ म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची पिन, ‘सॉकेट’ म्हणजे फोनमधील तिचे भोक, ‘जोड’ म्हणजे एका वायरीचे दोन फाटे होतात ती जागा, असा अर्थ सर्वत्र घ्यावा.

एकच बाजू बंद पडते, तेव्हा आत नेमके काय तुटलेले असते?

जॅकपासून जोडापर्यंत जाणाऱ्या वायरीत बहुतेक वेळा तीन तारा असतात. एक डाव्या कानाची, एक उजव्या कानाची आणि तिसरी दोघांची सामाईक, जिच्यातून विद्युतप्रवाह परत येतो. जोडापाशी सामाईक तार दुभंगते आणि तेथून पुढे प्रत्येक फाट्यात दोन-दोन तारा जातात. त्यामुळे उजवी बाजू बंद असेल आणि डावी पूर्वीसारखीच खणखणीत वाजत असेल, तर सामाईक तार जॅकपासून जोडापर्यंत शाबूत आहे, एवढे काहीही न उघडता सांगता येते. तुटलेली असते ती उजव्या कानाची स्वतःची तार, किंवा जोडाच्या पुढे उजव्या फाट्यातील परतीची तार. काही वायरींमध्ये दोन्ही कानांच्या परतीच्या तारा जॅकपर्यंत वेगळ्या आणलेल्या असतात, म्हणजे आत चार तारा असतात. तशा वायरीत उजव्या बाजूची परतीची तार जॅकजवळही तुटू शकते. शोधण्याची पद्धत मात्र दोन्हींत एकच राहते.

तार सहसा मध्येच तुटत नाही. जेथे वायरीचा मऊ भाग कडक भागात शिरतो, तेथे प्रत्येक वेळी तीच जागा वाकते आणि आतले केसासारखे तंतू एकेक करून तुटत जातात. जॅकच्या रबरी शेपटातून वायर बाहेर पडते तेथील पहिले एक-दोन सेंटिमीटर आणि जोडाच्या रबरातून फाटे निघतात ती जागा, या दोन जागांवर म्हणूनच पहिला संशय घ्यावा. माइकची डबी आणि कानाच्या गोळीचे मूळ यांचा क्रम त्यानंतर येतो.

दोष फोनमध्ये नाही, याची खात्री आधी कशी करावी?

हेच इअरफोन दुसऱ्या फोनला आणि दुसरे चांगले इअरफोन याच फोनला लावून पाहावेत. दुसऱ्या इअरफोनचीही तीच बाजू बंद राहिली, तर वायरीला हात लावण्याचे कारण नाही. अशा वेळी सॉकेटमध्ये खिशातील कापसाचा गोळा दाबून बसलेला असतो आणि जॅक तळापर्यंत जात नाही, असे वरचेवर आढळते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हलकेच बाहेर काढावा. सुई घालू नये, कारण तिने आतील नाजूक पट्ट्या वाकतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या विभागात डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल ठरवणारी एक पट्टी असते. ती एका कडेला सरकली असेल, तरीही एकच कान वाजतो.

बाजू पूर्ण बंद नसून केवळ मंद वाजत असेल, तर गोळीच्या जाळीत साचलेला कानातील मळ हे कारण असू शकते. तुटलेल्या तारेचा आवाज सहसा मंद होत नाही. तो एकतर येतो किंवा जातो, आणि मधल्या काळात खरखरतो.

दोन्ही बाजू वाजतात, पण गायकाचा आवाज गायब होतो. हाही तोच दोष आहे का?

जागा तीच असू शकते, मात्र तार वेगळी असते. जॅक आणि जोड यांच्या दरम्यान सामाईक तार तुटली, की दोन्ही कानांच्या गोळ्या एकापुढे एक जोडल्यासारख्या होतात आणि त्यांना डाव्या व उजव्या आवाजातील फरक तेवढा ऐकू येतो. गाण्यात गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. वाद्यांचा काही भाग आणि घुमारा पोकळपणे शिल्लक राहतो. फोनवरील बोलणे दोन्ही कानांना एकसारखेच मिळते, त्यामुळे कॉल चालू असताना जवळजवळ शांतता पसरते.

हे लक्षण दिसले, तर फाटे आणि कानाच्या गोळ्या यांचा विचार सोडून द्यावा. दोष जॅक ते जोड या टप्प्यातच असतो, आणि त्यातही बहुतेकदा जॅकच्या तोंडाशी. जॅक सॉकेटमध्ये अर्धवट बसला तरी असाच आवाज येतो, हे तेवढे आधी तपासून घ्यावे.

वायर हलवली की आवाज येतो-जातो. यावरून नेमकी जागा कशी ठरवावी?

अशा इअरफोनमधील दोष शोधणे सर्वांत सोपे असते, परंतु बहुतेक जण वायर जशी हलवतात त्या पद्धतीने ते साधत नाही. जॅकपाशी हात नेऊन वायर झटकली, की ती जोडापर्यंत हलते. मग आवाज आला, तरी तो कोणत्या जागेमुळे आला हे कळत नाही. म्हणून हलवण्याइतकेच, बाकीची वायर स्थिर धरणेही महत्त्वाचे आहे.

फोन टेबलावर सपाट ठेवावा आणि कोणाचे तरी सलग बोलणे लावावे. बातम्या किंवा भाषण असल्यास उत्तम. गाण्यात मुळातच शांत जागा येतात आणि त्या दोषासारख्या भासतात. बंद बाजूची गोळी कानात घालावी. डाव्या हाताने जॅकपासून साधारण दहा सेंटिमीटरवर वायर टेबलावर दाबून धरावी. उजव्या हाताच्या चिमटीत जॅकच्या शेपटालगतची वायर घेऊन ती आधी एका दिशेला, मग उलट दिशेला हळूहळू वाकवावी आणि त्यानंतर जॅककडे किंचित ढकलावी. हे ढकलणे विसरू नये, कारण तुटलेली टोके वाकवल्याने जुळतीलच असे नाही. ती परस्परांकडे लोटली की अनेकदा टेकतात आणि क्षणभर आवाज उमटतो. मग चिमूट एक सेंटिमीटर पुढे सरकवून पुन्हा तेच करावे.

जॅकच्या भागात काहीच फरक पडला नाही, तर जोडाकडे जावे. जोड अंगठ्याखाली टेबलावर दाबून ठेवावा आणि बंद बाजूचा फाटा रबरातून जेथे बाहेर पडतो तेथे वाकवावा व आत ढकलावा. त्यानंतर जोडाच्या खालच्या अंगाची वायर तशीच तपासावी. शेवटी माइकची डबी आणि गोळीचे मूळ पाहावे. ज्या जागी अगदी थोड्या हालचालीने, आणि प्रत्येक वेळी, आवाज बदलतो, ती दोषाची जागा समजावी. जेथे मोठा हिसका दिल्यावर कधीतरी आवाज येतो, ती जागा बहुधा दोषाची नसून, हिसका दोषापर्यंत पोहोचवणारी असते.

बाजू कायमचीच बंद आहे, कितीही हलवले तरी आवाज येत नाही. मल्टिमीटरने काय मोजावे?

मल्टिमीटर २०० ओहमच्या पट्टीवर ठेवावा. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध पाहून घ्यावा. तो साधारण अर्ध्या ओहमच्या आत असतो आणि पुढील आकड्यांतून वजा करायचा असतो. तीन भागांच्या साध्या जॅकमध्ये टोक हे डाव्या कानाचे, मधली कडी उजव्या कानाची आणि शेपटाकडील लांब भाग सामाईक असतो. दोन काळ्या पट्ट्या म्हणजे तीन भाग, तीन पट्ट्या म्हणजे चार भाग. चार भागांचा, म्हणजे माइकचा जॅक असेल, तर आजच्या बहुतेक फोनांच्या रचनेत टोकाकडून तिसरा भाग सामाईक आणि शेपटाकडील चौथा माइकचा असतो.

मोजमापे तीनच घ्यायची आहेत: टोक ते सामाईक, कडी ते सामाईक, आणि टोक ते कडी. चांगल्या इअरफोनमध्ये पहिली दोन मोजमापे जवळजवळ सारखी येतात. बाजारातील बहुसंख्य इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचे असल्याने आकडा त्याच्या आसपास, वायरीमुळे एखादा ओहम वर, असा दिसतो. तिसरे मोजमाप पहिल्या दोहोंच्या बेरजेइतके येते. उजवी बाजू तुटली असेल, तर टोक ते सामाईक ठीक येते आणि उरलेल्या दोन्ही मोजमापांत मीटर उघडे मंडल दाखवतो, म्हणजे डावीकडे एकटा १ किंवा OL. सामाईक तार तुटली असेल, तर पहिली दोन उघडी येतात आणि टोक ते कडी मात्र बेरीज दिसते. एखाद्या बाजूचा रोध दोन ओहमहूनही कमी आला, तर तार तुटलेली नसून आतल्या आत दुसरीला चिकटलेली आहे. ही अवस्था शेपटात पाणी किंवा घाम शिरलेल्या, आतून हिरव्या पडलेल्या जॅकमध्ये दिसते.

मीटरच्या बजरवर फार विसंबू नये. बऱ्याच मीटरचा बजर तीस ते पन्नास ओहमच्या खाली कोठेतरी वाजू लागतो. म्हणजे ३२ ओहमचा चांगला इअरफोनसुद्धा काही मीटरवर मुकाच राहील. त्यापेक्षा इअरफोनकडेच लक्ष द्यावे. मीटरची पिन टेकताच चांगल्या बाजूच्या गोळीतून बारीक ‘खट्’ असा आवाज येतो. डिजिटल आकडा सेकंदातून दोन-तीनदाच बदलत असल्याने क्षणिक जुळलेली तार त्यावर दिसत नाही, पण ती खरखर कानाला लगेच कळते.

प्रत्यक्ष उदाहरणात हे कसे दिसते?

शेजारच्या एका विद्यार्थिनीच्या इअरफोनची उजवी बाजू बंद होती. जॅक सॉकेटमध्ये फिरवला की आवाज येतो, म्हणून जॅकच बदलायचा, असे तिने ठरवून टाकले होते. मोजल्यावर टोक ते सामाईक १७.२ ओहम आले, कडी ते सामाईक उघडे, टोक ते कडी उघडे. येथपर्यंत एवढेच कळले, की उजव्या बाजूचा मार्ग कोठेतरी खंडित आहे. जॅकजवळ की जोडाजवळ, हे मीटर आपण होऊन सांगत नाही.

मीटरच्या पिनांना मगरचिमटे लावून ते कडी आणि सामाईक भागावर बसवले आणि जॅकलगतची वायर वर सांगितल्याप्रमाणे वाकवली. आकडा हलला नाही, गोळीतून आवाजही नाही. जोड दाबून धरून उजवा फाटा आत ढकलताच गोळीतून खरखर आली आणि मीटरवर १७.८ हा आकडा उमटून गेला. फाटा सोडला की पुन्हा उघडे. मग जॅक फिरवल्यावर आवाज का येत होता? जॅक फिरवताना तिचा हात उचलला जाई, वायर ताणली जाई आणि जोड हलत असे. चांगला जॅक कापून नवा लावला असता, तर श्रम आणि पैसे दोन्ही वाया जाऊन उजवी बाजू बंदच राहिली असती.

जोडाचे रबर उभे चिरल्यावर लाल तार रबराच्या कडेशीच तुटलेली सापडली. ती जोडल्यावर कडी ते सामाईक १७.५ आणि टोक ते कडी ३४ ओहमच्या थोडे पुढे, असे आकडे आले.

मल्टिमीटर नसेल तर?

दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल आणि दोन छोट्या वायरी पुरतात. सेलचे एक टोक जॅकच्या सामाईक भागाला जोडून दुसऱ्या टोकाची वायर कडीला किंवा टोकाला क्षणभर टेकवावी. मार्ग शाबूत असेल त्या बाजूची गोळी ‘टक्’ करते. गोळी कानात असताना हे कदापि करू नये, कारण तो आवाज कानाला सहन होण्यापलीकडचा असतो. वायर टेकवून धरूनही ठेवू नये. नऊ व्होल्टची बॅटरी वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्या गोळीतील तारेची गुंडाळी जळू शकते.

वायरीत टाचणी टोचून तुटलेली जागा शोधता येते, असे सांगतात. ते खरे आहे का?

जाड तांब्याच्या वायरींसाठी ते खरे आहे. इअरफोनच्या वायरीत मात्र प्रत्येक तंतूवर रंगीत लाखेचा, म्हणजे इनॅमलचा, थर असतो आणि मध्ये नायलॉनचे धागे गुंफलेले असतात. टाचणी तारेच्या अगदी मधोमध गेली, तरी ती तांब्याला टेकेलच असे नाही. अशा वेळी ‘उघडे’ हा निष्कर्ष फसवा ठरतो, आणि वर आवरणाला भोक पडून घाम आत जातो तो वेगळाच.

त्यापेक्षा जोड उघडून मोजणे अधिक खात्रीचे आहे. काही इअरफोनचा जोड हा दोन प्लॅस्टिकच्या पाकळ्यांचा असतो आणि नखाने किंवा पातळ पात्याने उकलतो. रबरी असेल तर उभा चिरावा लागतो. आत तारांना सोल्डर केलेले बिंदू असल्यास त्यांवर मीटर सरळ लावता येतो. जोडापासून गोळीकडे मोजल्यास गोळीचा रोध, म्हणजे उदाहरणार्थ १७ ओहम, यावा. जोडापासून जॅकच्या त्या-त्या भागाकडे मोजल्यास एक-दोन ओहमपेक्षा जास्त येऊ नये. या दोन मोजमापांतून दोष जोडाच्या अलीकडे आहे की पलीकडे, याचा निकाल लागतो. आत बिंदू नसून अखंड तारा नुसत्या वेगळ्या होत असतील, तर लाख खरवडून मोजण्यापेक्षा वाकवून पाहण्याच्या परीक्षेकडे परत जावे.

दोष जॅकजवळ निघाला. वायर नेमकी कोठे कापावी?

जॅकच्या शेपटापासून तीन ते चार सेंटिमीटरवर. शेपटालगत कापले, तर बहुधा तुटलेली जागाच नव्या जॅककडे येते आणि दुरुस्ती फसते. वाकून थकलेला भाग नुसत्या तुटलेल्या बिंदूपेक्षा लांब असतो, ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. कापल्यावर लगेच नवा जॅक लावू नये. आधी तारांची टोके सोल्डरने ओली करून घ्यावीत आणि तेथेच पुन्हा मोजावे. बंद बाजूचा आकडा परत आला, तर दोष कापलेल्या तुकड्यात होता. आकडा न आल्यास दोष पुढे आहे, आणि नवा जॅक बसवण्यापूर्वीच ते कळलेले बरे.

साच्यात घट्ट बसवलेला मूळ जॅक उघडून पुन्हा वापरण्याचा खटाटोप करू नये. आतील प्लॅस्टिक सोल्डरच्या उष्णतेने वितळते आणि भाग एकमेकांना टेकतात. झाकण आट्यांनी उघडणारा सुटा जॅक पुण्यात बुधवार पेठेच्या तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. घेताना वायर धरून ठेवणारी पकड आणि शेपटाची स्प्रिंग असलेला घ्यावा, धातूचा घ्यावा, आणि आपल्या जॅकवरील काळ्या पट्ट्या मोजून तेवढ्याच भागांचा घ्यावा. फोनला जाड कव्हर असेल, तर जॅकचे अंगही बारीक असावे लागते, नाहीतर तो तळापर्यंत बसत नाही.

रंगीत तारांना सोल्डर चिकटतच नाही. काय चुकते?

रंग म्हणजेच इनॅमलचा थर, आणि तो उतरल्याशिवाय सोल्डर तांब्याला भेटतच नाही. सोल्डरिंगचे टोक चांगले तापल्यावर त्यावर सोल्डरचा ताजा, लोंबता थेंब घ्यावा आणि तारेचे शेवटचे तीन-चार मिलिमीटर त्या थेंबात काही सेकंद बुडवून ठेवावे. सोल्डरमधील राळ धूर सोडते, थर जळतो आणि रंग जाऊन तार चंदेरी होते. चंदेरी झाली नाही, तर जुना थेंब पुसून नवा घ्यावा; राळ जळून गेलेला थेंब काम करीत नाही. हा धूर नाकात जाऊ देऊ नये, खिडकी उघडी ठेवावी. पंचवीस वॉटचे साधे सोल्डरिंग या कामाला पुरते.

लायटरने थर जाळण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, पण ती मला पसंत नाही. एवढे बारीक तंतू ज्योतीत क्षणात काळे व ठिसूळ होतात, काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, आणि मधले नायलॉनचे धागे वितळून तारांवर लेप बसतो तो निराळाच.

आणखी एक गोष्ट सोल्डर करण्याआधीची आहे. जॅकचे झाकण, स्प्रिंग आणि वापरणार असल्यास हीट श्रिंक, म्हणजे उष्णतेने आक्रसणारी, नळी, ही सर्व आधी वायरीत ओवून घ्यावीत. सगळे जोडून झाल्यावर झाकण टेबलावरच राहिलेले दिसणे, ही या कामातील नेहमीची फजिती आहे.

कोणती तार कोणत्या भागाला जोडावी? रंगांवर विश्वास ठेवावा का?

लाल म्हणजे उजवी, हिरवी किंवा निळी म्हणजे डावी आणि तांबूस म्हणजे सामाईक, हा रिवाज बराचसा पाळला जातो. पण तो नियम नाही. रंगाऐवजी मोजून ठरवावे. तिन्ही तारा ओल्या केल्यावर दोन-दोन घेऊन रोध पाहावा. ज्या दोन तारांमध्ये सर्वांत मोठा आकडा, म्हणजे एकेका बाजूच्या दुप्पट येतो, त्या दोन कानांच्या. उरलेली तिसरी सामाईक. मग सामाईक तारेवर एक पिन ठेवून दुसरी एकेका तारेला टेकवावी आणि ‘खट्’ कोणत्या गोळीतून येते ते ऐकावे. गोळीवर L किंवा R असतेच.

वायरीत दोन तांबूस तारा निघाल्या, तर त्या दोन्ही बाजूंच्या वेगळ्या परती आहेत. दोन्ही एकत्र पिळून जॅकच्या सामाईक भागाला जोडाव्यात.

माइक असलेल्या इअरफोनला तीन भागांचा साधा जॅक लावला तर चालेल का?

ऐकण्यापुरते चालते. माइकची तार वेगळी ओळखून तिचे टोक झाकून ठेवावे लागते, आणि अर्थातच माइक व बटणे यापुढे काम करीत नाहीत. चार भागांच्या जॅकमधील जागा इतकी अपुरी असते, की पहिल्याच प्रयत्नात तो नीट जोडला जाणे कठीण. कॉलसाठी माइक लागणारच असेल, तर हे काम सराईत कारागिराकडे द्यावे.

दोष जोडाजवळ निघाला, तर दुरुस्ती कशी करावी?

जोडाचे रबर धारदार पात्याने, तारांना समांतर, उभे चिरावे. आडवे पाते फिरवल्यास चांगली बाजूही कापली जाण्याचा धोका असतो. फाट्याच्या बाजूने तुटलेला आणि थकलेला भाग एक-दोन सेंटिमीटर कापून टाकावा. मात्र दुसरा फाटाही तेवढाच आखूड करण्याची गरज नाही, एवढा फरक कानाला जाणवत नाही.

येथे तारा तारांना जोडायच्या असल्याने, एका फाट्यातील दोन तारांचे सांधे शेजारी-शेजारी येऊ देऊ नयेत. एक तार आखूड आणि दुसरी एक सेंटिमीटर लांब ठेवून सांधे पुढे-मागे करावेत. मग एखाद्या सांध्याचे आवरण सरकले, तरी दोन उघडे बिंदू एकमेकांना भेटत नाहीत. प्रत्येक सांध्यावर सर्वांत बारीक हीट श्रिंक नळी, आणि सर्वांवर मिळून एक मोठी नळी चढवावी. तुटताना ओढ तारांवर आलेली असते; म्हणून आतील नायलॉनचे धागे कापून न टाकता दोन्ही बाजूंचे धागे गाठ मारून घ्यावेत. वायर ओढली गेली, तर ताण त्या गाठीवर यावा, सोल्डरवर नव्हे.

तार न जोडता टेपने वायर एका कोनात बांधून ठेवली तर?

काही दिवस चालते. तुटलेली टोके एकमेकांना टेकलेली राहतात एवढेच, आणि उरलेले तंतू त्याच कोनातल्या ताणाने तुटत जातात. वायर सरळ राहील अशा बेताने बांधली, तर ती तात्पुरती सोय मानावी. फेव्हिक्विक शेपटात सोडू नये: तो तारांमध्ये झिरपून कडक होतो आणि वाकण्याची जागा तेवढी एक सेंटिमीटर पुढे सरकते.

दुरुस्तीनंतर दोन्ही बाजू वाजतात, पण आवाज पोकळ वाटतो. कशामुळे?

पुन्हा तीन मोजमापे घ्यावीत. सर्वांत मोठा आकडा टोक ते कडी यांच्यातच आला पाहिजे. तो टोक ते सामाईक किंवा कडी ते सामाईक यांच्यात आला, तर सामाईक तार आणि एका कानाची तार यांची जॅकमध्ये अदलाबदल झाली आहे.

आकडे बरोबर असूनही ढोलकी-तबल्याचा खर्ज हरवला असेल आणि बोलणाऱ्याचा आवाज डोक्याच्या मधोमध न येता दोन्हीकडून विस्कटून येत असेल, तर जोडापाशी एका फाट्याच्या दोन तारा उलट्या लागल्या आहेत. एक गोळी बाहेर ढकलते तेव्हा दुसरी आत ओढते, अशी स्थिती असते. रोध दोन्ही प्रकारे तोच येत असल्याने हा दोष मीटरवर दिसत नाही. त्याच फाट्यातील दोन तारा आपसांत बदलल्या, की तो जातो.

कोणत्या वेळी दुरुस्ती सोडून द्यावी?

फाटा गोळीच्या मुळाशी कापून मोजल्यावरही गोळीच्या बाजूने उघडे मंडल दिसत असेल, तर दोष गोळीच्या आत आहे. तो आतील तार सुटल्यामुळे असेल, तर गोळी उघडून जोडता येतो; गुंडाळीच जळली असेल, तर नाही. चिकटवून बंद केलेल्या गोळ्या न फोडता उघडत नाहीत. वॉरंटी शिल्लक असल्यास वायर कापण्यापूर्वी ती आधी वापरावी, कारण कापलेले इअरफोन सहसा बदलून मिळत नाहीत.

टाइप-सी जॅकच्या इअरफोनला हीच पद्धत लागू पडते का?

अर्धीच. अशा अनेक जॅकमध्ये आवाजाचे डिजिटलमधून रूपांतर करणारी छोटी चिप असते, त्यामुळे जॅकच्या बाहेरून गोळीचा रोध मोजता येत नाही आणि जॅक कापून साधा लावलेला चालत नाही. वाकवून पाहण्याची परीक्षा मात्र जशीच्या तशी करता येते. दोष जोडाजवळ किंवा त्याच्या पुढे आढळला, तर तेथून पुढची वायर गोल जॅकच्या इअरफोनसारखीच असते आणि जोडापासून गोळीकडे वर दिल्याप्रमाणेच मोजावे. ब्लूटूथ नेकबँडमध्येही गळ्यातील पट्टीपासून कानापर्यंत जाणारी वायर अशाच दोन तारांची असते, आणि ती तुटते तीही पट्टीतून बाहेर पडते त्या जागीच.